यादीतलं नाव, माहेरच्या पत्त्यावर

(दृश्य: ओसरी, हातात मोबाईल, बाजूला मतदार ओळखपत्र)

वाईजवळच्या गावातल्या या काकू. लग्न होऊन सहा वर्षं झाली. कार्ड आहे, म्हणून यादीत नावही असणारच, असं त्या धरून चालल्या होत्या. पण कार्ड पाकिटात असतं आणि मत पडतं ते यादीवर.

पुतण्याने मोबाईलवर ‘मतदार यादीत नाव शोधा’ असं टाईप केलं. सगळ्यात वर आली ती जाहिरात. उघडली तर अशोकचक्र, तिरंगी पट्टी, सगळं सरकारी थाटाचं. नाव टाकलं, चक्र फिरलं आणि पुढे आधार क्रमांक मागितला. वर एकोणपन्नास रुपये ‘शोध शुल्क’.

पुतण्या तिथेच थांबला. यादीत नाव बघायला पैसे पडत नाहीत.

(दृश्य: पत्त्याची पट्टी मोठी करून)

आता पत्ता बघा. निवडणूक आयोगाचं शोधपान इथे आहे:

electoralsearch.eci.gov.in

पत्ता उलटीकडून वाचायचा. सुरुवातीचं https:// सोडून, पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी, शेवटी eci.gov.in यायला हवं, मधे दोन टिंबं. टिंबाच्या जागी आडवी रेघ आली किंवा gov.in नंतर आणखी टिंब देऊन काही जोडलेलं असलं, तर ती जागा दुसऱ्याच कुणाची. सुरुवातीला eci लिहिणं कुणालाही जमतं. आणि कुलुपाच्या चित्रावर जाऊ नका, ते नकली साइटवरही असतं.

या पानावर शोधायच्या तीन वाटा आहेत. मोबाईल क्रमांकाने शोधलं तर या खऱ्या पानावरही ओटीपी येतो, त्यामुळे ‘ओटीपी मागितला म्हणजे फसवणूक’ असा सरसकट नियम लावता येत नाही. काकूंनी आधी नाव, वय आणि नवऱ्याचं नाव टाकलं, मतदारसंघ वाई. काहीच सापडलं नाही.

घरात एकदम शांतता. ‘म्हणजे काढलं की काय माझं नाव?’

मग कार्डावरचा ईपिक क्रमांक टाकला: तीन इंग्रजी अक्षरं, सात अंक. राज्य निवडलं, चित्रातली वाकडीतिकडी अक्षरं भरली. नाव आलं! पण मतदारसंघ कोरेगाव, आणि नातेवाईक म्हणून वडिलांचं नाव. काकू यादीत होत्या, फक्त अजून माहेरी. तपशिलाने शोधताना सासरचं आडनाव आणि वाई टाकल्यावर त्या सापडणार तरी कशा?

(दृश्य: भाग क्रमांक, अनुक्रमांक, मतदान केंद्र)

पत्ता बदलायला नमुना आठ भरायचा, voters.eci.gov.in वर किंवा गावच्या बीएलओकडे, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे. नमुना सहा इथे नाही, तो पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यांसाठी. शंका असली तर १९५० वर फोन करता येतो.

काकूंनी नमुना आठ भरला आणि मिळालेला संदर्भ क्रमांक कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलाय, दुधाच्या हिशेबाखाली. ईपिक क्रमांक तोच राहणार. महिन्याभराने तोच टाकून बघायचं, कोरेगावच्या जागी वाई आलंय का.