डब्याच्या झाकणावरचा पिवळा डाग

नमस्कार, श्रोतेहो.

आजचं बोलणं डब्याच्या झाकणापासून सुरू करते. प्लॅस्टिकच्या डब्यातून बटाट्याची भाजी नेली की झाकणाला आतून पिवळा डाग पडतो. पाण्यानं कितीही घासा, तो हलत नाही. पण बोटभर तेल चोळून फडक्यानं पुसलं तर बराचसा पिवळेपणा फडक्यावर येतो. तेच झाकण दोन-चार दिवस उन्हात ठेवलं तर उरलेला डागही फिका होतो. हा डाग हळदीचा, आणि त्यातलं रंगद्रव्य म्हणजे कर्क्युमिन. ते पाण्यात विरघळत नाही, तेलाला धरून राहतं, आणि फार टिकाऊही नाही. या तीन गोष्टी मनात ठेवा, पुढे त्याच कामाला येणार आहेत.

हळदीनं सूज उतरते असं आपण म्हणतो. प्रयोगशाळेत हे खरंच दिसतं, आणि कसं घडतं तेही बऱ्यापैकी माहीत आहे. आपल्या पेशींमध्ये एक प्रथिन असतं, एनएफ-कप्पा-बी नावाचं. १९८६ साली रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी ते शोधलं. एरवी हे प्रथिन पेशीच्या केंद्रकाबाहेर, जणू ओसरीवर, बसलेलं असतं. दुसऱ्या एका प्रथिनानं त्याचा हात धरून ठेवलेला असतो, त्याला आपण राखणदार म्हणू. जंतू शिरले, इजा झाली, की पेशीतलं एक विकर त्या राखणदाराला फॉस्फेटचा शिक्का मारतं. शिक्का बसलेल्या राखणदाराची पेशी विल्हेवाट लावते. हात सुटला की एनएफ-कप्पा-बी थेट माजघरात, म्हणजे केंद्रकात जातं आणि सूज आणणारी जनुकं चालू करतं. टीएनएफ, आयएल-६ असे निरोपे तयार होतात, कॉक्स-२ हे विकरही तयार होतं. दुखण्यावरच्या कित्येक गोळ्या याच कॉक्स-२ ला अडवतात.

कर्क्युमिन त्याच्या बरंच आधी आडवं येतं. शिक्का मारणाऱ्या विकराचं काम मंदावतं, राखणदार जागेवर राहतो, आणि एनएफ-कप्पा-बी ओसरीवरच बसून राहतं. बशीत वाढवलेल्या पेशींवर हे अनेकांनी दाखवलंय. हळदीच्या गोळ्यांच्या जाहिरातीत ‘विज्ञानानं सिद्ध’ असं लिहिलेलं असतं, त्यामागे पुष्कळदा हेच प्रयोग असतात.

आता खरा प्रश्न असा, की त्या बशीत कर्क्युमिन किती घातलं होतं? अशा प्रयोगांत साधारणपणे एका मिलिलिटरला ४ ते १८ मायक्रोग्रॅम वापरतात. त्यातला खालचा, ४ चा आकडा धरून चालू.

बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी १९९८ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी माणसांना त्यांनी २ ग्रॅम कर्क्युमिन दिलं आणि ठरावीक वेळानं रक्त तपासलं. २ ग्रॅम म्हणजे किती? हळदपुडीत कर्क्युमिन असतं शंभरात तीनेक भाग. चहाचा चमचाभर हळद ३ ग्रॅमची धरली तर तिच्यात ते ९० मिलिग्रॅम येतं. म्हणजे २ ग्रॅमसाठी बावीस चमचे हळद. आपल्या दुधातली अर्धा चमचा हळद यापुढे कुठे राहिली! आणि एवढं घेऊनही रक्तात काय सापडलं? मिलिलिटरला जेमतेम ०.००६ मायक्रोग्रॅम. बशीतल्या चारच्या तुलनेत सहाशे-सातशे पटींनी कमी.

बाकीचं गेलं कुठे? मोठा भाग आतड्यातून तसाच पुढे जाऊन शौचावाटे बाहेर पडतो, कारण पाण्यात न विरघळणारी वस्तू आतड्याच्या भिंतीपर्यंत नीट पोचत नाही. जे थोडं भिंतीत शिरतं, त्याला तिथेच आणि मग यकृतात ग्लुकुरोनिक आम्लाचं किंवा सल्फेटचं शेपूट जोडलं जातं. परक्या रसायनाला बाहेर काढायची ही शरीराची नेहमीची रीत आहे. शेपूट लागलं की ते पाण्यात विरघळतं आणि पित्तातून, लघवीतून निघून जातं, पण बशीत दिसलेला जोरही बराचसा हरवतो. शिवाय मोकळं कर्क्युमिन रक्ताइतक्या सौम्य अल्कधर्मी पाण्यात टिकत नाही. नुसत्या द्रावणात, शरीराच्या तापमानाला, अर्ध्या तासात त्याचा बहुतेक भाग मोडतो.

त्याच बंगळूरच्या प्रयोगात दुसऱ्या वेळी कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पिपेरिन दिलं. पिपेरिन म्हणजे काळ्या मिरीतला तिखटपणा. ते शेपूट जोडणाऱ्या विकरांना अडवतं. एकूण शोषण वीस पटींनी वाढलं, आणि ‘दोन हजार टक्के’ हा बाटलीवरचा लाडका आकडा इथूनच आला. आकडा खोटा नाही. पण रक्तातली सर्वांत वरची पातळी होती ०.१८ मायक्रोग्रॅम, पाऊण तासाच्या सुमारास, आणि ती लवकरच उतरली. चारच्या तुलनेत हे अजूनही वीस पटींहून कमीच. जवळजवळ शून्याला विसानं गुणलं की हातात फारसं काही येत नाही.

मिरीचा हा उपाय फुकटचाही नाही. औषधं शरीराबाहेर काढणारी इतर काही विकरंही पिपेरिन मंदावतं. फिटच्या आजारावरच्या फेनिटॉइनची रक्तातली पातळी त्यानं वाढलेली दिसलीय. अमेरिकेत हळदीच्या गोळ्या घेणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, त्यातल्या काही गोळ्यांत पिपेरिनही होतं. फोडणीतल्या चिमूटभर हळदीबद्दल मी बोलत नाहीये, बाटलीतल्या घट्ट अर्काबद्दल बोलतेय.

आता एक बारीक गोम. नव्या गोळ्या ‘शंभर पट शोषण’ असं सांगतात तेव्हा मोजलंय काय, ते विचारावं. पुष्कळदा रक्ताच्या नमुन्यावर आधी एका विकराची प्रक्रिया करून शेपटं कापतात आणि मग सगळं मिळून ‘कर्क्युमिन’ म्हणून मोजतात. त्यात बाहेर जायला निघालेला मालही धरला जातो. मोकळं कर्क्युमिन किती, हा आकडा वेगळा द्यायला हवा. बशीतल्या प्रयोगांतही फसगत होते बरं का. कर्क्युमिन पिवळं आहे, प्रकाशात चमकतं आणि दिसेल त्या प्रथिनाला चिकटतं, त्यामुळे रंगावरून वाचायच्या चाचण्या चुकीचा ‘परिणाम झाला’ दाखवू शकतात.

मग ते कुठेच उपयोगी नाही का? जिथे रक्तातून जावंच लागत नाही, तिथे बघू या. शोषलं न गेलेलं कर्क्युमिन राहतं आतड्यात, आणि मोठ्या आतड्याचं अस्तर त्याच्या थेट संपर्कात येतं. अल्सरेटिव्ह कोलायटिस या आजारात सूज नेमकी त्याच अस्तराला असते. जपानमध्ये २००६ साली, आजार शांत असलेल्या ८९ रुग्णांवर एक चाचणी प्रसिद्ध झाली. निम्म्यांना सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर १ ग्रॅम कर्क्युमिन, निम्म्यांना दिसायला तशीच पण बिनऔषधाची गोळी, असं सहा महिने. शेवटी हिशेबात धरलेल्या रुग्णांपैकी आजार उलटला तो कर्क्युमिन घेणाऱ्या ४३ पैकी दोघांत, आणि दुसऱ्या गटातल्या ३९ पैकी आठ जणांत. मात्र दोन्ही गटांची नेहमीची औषधं, सल्फासॅलाझिन किंवा मेसालामिन, चालूच होती. कर्क्युमिन त्यांच्या जोडीला होतं, त्यांच्या जागी नव्हतं.

गुडघ्याच्या सांध्याला ही सोय नाही. तिथे पोचायचं तर वाट रक्तातूनच जाते, आणि त्या वाटेवर किती उरतं ते आपण आत्ताच मोजलं.

नमस्कार.