नकाशाचे रंग आधी करड्यात बघा

बसा बसा, मागे खुर्च्या आहेत. तर मी आज फक्त एकाच नकाशाबद्दल बोलणार आहे, कारण तो माझाच होता आणि चुकला होता. भूजल पातळीत दहा वर्षांत किती फरक पडला त्याचा नकाशा, पाच वर्ग. जिथे पाणी खूप खाली गेलं तिथे लाल, थोडं गेलं तिथे नारिंगी, फारसा फरक नाही तिथे फिकट पिवळा, मग पोपटी, आणि जिथे पातळी चांगली वर आली तिथे हिरवा. स्क्रीनवर एकदम झकास दिसत होता. मीटिंगमध्ये एकाने काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर काढलेला कागद पुढे केला आणि विचारलं, "यातला दुष्काळ कुठला आणि सुकाळ कुठला?" मला स्वतःलाच सांगता येईना!

का, ते आकड्यात बघू. रंगाची उजळता मोजायची एक पट्टी आहे, ० म्हणजे काळा, १०० म्हणजे पांढरा, तिला एल-स्टार म्हणतात. मी वापरलेली रंगमाला म्हणजे QGIS या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळते ती RdYlGn. तिच्या पाच रंगांची उजळता क्रमाने साधारण ४६, ७७, ९८, ८१, ५४ येते. म्हणजे मध्ये उजळ आणि दोन्ही टोकं गडद. प्रिंटर रंग काढून टाकतो, उरते फक्त उजळता, मग लाल आणि हिरवा दोघंही मध्यम-गडद करडे, नारिंगी आणि पोपटी तर जवळपास जुळे भाऊ. माझ्या नकाशात जे दोन अर्थ सगळ्यात लांबचे, तेच एकमेकांसारखे दिसायला लागले.

आता रंगांधळेपणा. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण ८ टक्के लोकांना लाल-हिरव्यात गोंधळ होतो, बायकांमध्ये अर्ध्या टक्क्याच्या आसपास, इतरत्र आकडे कमी-जास्त आहेत. पण लोकांना वाटतं की त्यांना सगळं करडं दिसतं, तसं नाहीये, त्यांना निळा आणि पिवळा छान वेगळे कळतात. आणि ज्यांच्या डोळ्यात लाल उजेड पकडणाऱ्या पेशी काम करत नाहीत त्यांना लाल रंग आपल्यापेक्षा गडद दिसतो, म्हणजे माझे ते ४६ वगैरे आकडे त्यांच्यासाठी लागूच नाहीत. म्हणून करडी प्रिंट पास झाली म्हणजे रंगांधळ्यांचीही सोय झाली असं धरून चालू नका, दोन्ही तपासण्या वेगवेगळ्या करायच्या. QGIS मध्ये View मेनूत Preview Mode आहे, तिथे दोन्ही बघता येतात, दोन मिनिटांचं काम.

मग उपाय काय? पहिला विचार येतो, लाल-हिरव्याऐवजी जांभळा-नारिंगी घेऊ. घ्या, रंगांधळ्या वाचकाचा प्रश्न बऱ्यापैकी सुटतो. करड्या प्रिंटचा मात्र सुटत नाही! मध्यापासून दोन बाजूंना गडद होत जाणारी कुठलीही माला घ्या, दोन्ही बाजू करड्यात एकमेकींत मिसळणारच, तो रंगांचा दोष नाही, मांडणीचाच आहे. सिंथिया ब्रूअर यांच्या कलरब्रूअर या रंगमाला निवडायच्या वेबसाइटवर रंगांधळ्यांसाठी, छपाईसाठी आणि झेरॉक्ससाठी वेगवेगळ्या खुणा करायची सोय आहे ती याचसाठी, तिन्ही एकदम टिक केलं की पर्याय भराभर गळतात, बघाच करून.

शेवटी मी स्वतःला विचारलं, मला शून्याच्या दोन बाजू खरंच दाखवायच्या आहेत का? एका आवृत्तीत नव्हत्या, फक्त पाणी किती खोल आहे तेवढंच हवं होतं. तिथे मी YlGnBu घेतली, फिकट पिवळ्यापासून गडद निळ्यापर्यंत, उजळता साधारण ९८, ८२, ६९, ५१, २७, सरळ उतरती. जितकं खोल तितकं गडद, झेरॉक्सलाही कळतं. वर्ग पाचच ठेवले, कारण सात-आठ केले की शेजारच्या पायऱ्या जवळ येतात, त्यात करड्या ठिपक्याच्या आजूबाजूला गडद असेल तर तोच करडा जास्त उजळ वाटतो आणि वाचणारा सूचीतला चुकीचा चौकोन पकडतो.

फरकाच्या नकाशात मात्र दोन बाजू हव्याच होत्या. तिथे जांभळा-नारिंगी ठेवला, आणि पाणी घटलेल्या भागावर वरून पातळ तिरप्या रेघा मारल्या, रेघ काळी, पुरेशी विरळ, नाहीतर गडद रंगावर शाई पसरून सगळं एकच काळं होतं (हे मी दोनदा केलंय). शून्याच्या हद्दीवर जाड रेषा, आणि दोन टोकांच्या ठिकाणी सरळ +३ मी., −४ मी. असं लिहून टाकलं. सूचीतही त्याच रेघा दाखवायच्या, हे विसरतात लोक. मग त्याच प्रिंटरवर काढून त्याच माणसाला कागद दिला. त्याने सूची न बघता घटलेल्या भागावर बोट ठेवलं, आणि पुढे म्हणाला की अक्षरं लहान आहेत.