दहाव्या परीक्षकाचे गुण

नमस्कार श्रोतेहो. अन्नतंत्राचे जे विद्यार्थी यंदा प्रबंध लिहायला बसले आहेत, त्यांच्यासाठी आजचं बोलणं आहे. बचत गटात नवा पदार्थ काढताना आठदहा जणांना चाखायला देऊन गुण मागणाऱ्या ताईंनाही ते उपयोगी पडेल. विषय एवढाच, की चव चाचणीचे गुण तक्त्यात मांडायचे कसे आणि त्या आकड्यांच्या डोक्यावर ए, बी, सी ही अक्षरं कशाच्या आधारावर लावायची. जवळ वही असेल तर घ्या, थोडे आकडे येतील. हे आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, पण त्यांचं गणित पूर्ण करून पाहिलेलं आहे.

समजा, मैद्यात ज्वारीचं पीठ घालून बिस्किटं केली. एका नमुन्यात ज्वारी २० टक्के, दुसऱ्यात ४०, तिसऱ्यात ६०. इथे एक सांगावंसं वाटतं. ज्वारीच्या बिस्किटात व्हॅनिलाचा इसेन्स घालण्याची पद्धत पडली आहे, ती बरी नाही. ज्वारी भाजल्याचा वास हाच त्या बिस्किटाचा गुण आहे. तो झाकून टाकल्यावर परीक्षक इसेन्सला गुण देतात, ज्वारीला नाही. असो.

परीक्षक दहा. प्रत्येकाने तिन्ही नमुने चाखले. नमुन्यांना तीन आकडी संकेत क्रमांक दिले, प्रत्येकाच्या ताटलीतला क्रम वेगळा ठेवला, मध्ये कोमट पाण्याने चूळ भरायला लावली आणि तंबाखू-पान अर्धा तास आधी बंद ठेवलं. हे तुम्हाला ठाऊकच आहे. गुण नऊच्या हेडोनिक श्रेणीवर: ९ म्हणजे अतिशय आवडलं, ५ म्हणजे ना आवड ना नावड, १ म्हणजे अजिबात आवडलं नाही.

आता गुण ऐका. पहिल्या परीक्षकाने २०, ४०, ६० टक्क्यांच्या नमुन्यांना अनुक्रमे ९, ८, ८ दिले. चौथ्याने ९, ९, ८. सहाव्याने ७, ६, ६. नवव्याने तिन्हींना ५, आणि दहाव्याने तिन्हींना ६. म्हणजे कुणाचा हात सढळ, कुणाचा आखडता. पण दहाही जणांचे गुण पाहिले तर एक गोष्ट दिसते. सहा जणांनी २० टक्क्यांपेक्षा ६० टक्क्यांच्या बिस्किटाला बरोबर एक गुण कमी दिला. चौघांनी तिन्हींना सारखेच गुण दिले. उलट्या दिशेने कोणीच गेलं नाही.

सरासरी आली ७.२, ६.९ आणि ६.६. प्रमाण विचलन १.३२, १.२० आणि ०.९७. बहुतेक जण इथेच थांबतात. ७.२ अधिक-उणे १.३२ असं लिहितात, मग सगळे तीस आकडे सीआरडीच्या, म्हणजे कोणता गुण कुणी दिला हे न पाहणाऱ्या सूत्रात टाकतात. तसं केलं की त्रुटीचा वर्ग-मध्य येतो १.३७ आणि एफ येतो ०.६६. फरक सिद्ध व्हायला पाच टक्के पातळीला पाहिजे होता ३.३५. निष्कर्ष निघतो की तिन्ही बिस्किटं सारखीच, तिघांच्याही डोक्यावर ए.

हे चूक आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकलेल्या कुणालाही त्याचं कारण लगेच कळेल, कारण शेतातल्या प्रयोगात ही चूक कोणी करत नाही. वावराचा एक तुकडा काळा भारी, दुसरा मुरमाड असेल, तर आपण आरबीडी घेतो आणि प्रत्येक तुकड्यात सगळे वाण लावतो. चव चाचणीत परीक्षक हाच तो तुकडा. नववा परीक्षक मुरमाड जमीन आहे, त्याच्याकडे काहीही पेरा, पाचच उगवणार. म्हणून परीक्षकांमधला फरक आधी बाजूला काढायचा.

तो काढून पाहा. एकूण वर्गांची बेरीज ३८.७. त्यातले ३४.७ एकट्या परीक्षकांमधल्या फरकाचे, म्हणजे जवळपास नव्वद टक्के. नमुन्यांचे १.८ आणि उरलेली त्रुटी २.२. त्रुटीचा वर्ग-मध्य १.३७ वरून ०.१२ वर येतो. एफ होतो ७.३६, आणि पाच टक्के पातळीला हवा असतो ३.५५. तेच तीस आकडे, तीच माणसं. टुकीच्या कसोटीने दोन सरासऱ्यांमध्ये निदान ०.४० चा फरक लागतो. २० आणि ६० टक्क्यांत ०.६ आहे, म्हणजे फरक खरा. २० आणि ४० मध्ये ०.३, ४० आणि ६० मध्येही ०.३, म्हणजे तेवढा सिद्ध होत नाही. म्हणून अक्षरं अशी: ७.२ ला ए, ६.९ ला एबी, ६.६ ला बी.

पुन्हा सांगतो. अधिक-उणे जे लिहिलं, ते माणसामाणसांतलं अंतर. अक्षरं जी लावली, ती नमुन्यानमुन्यांतल्या अंतरावर. वाचणाऱ्याला १.३२ एवढं मोठं विचलन दिसतं आणि ०.६ च्या फरकाला वेगळी अक्षरं दिसतात, तेव्हा त्याला वाटतं गणित चुकलं. गणित चुकलेलं नसतं, आपण आराखडा सांगितलेला नसतो. म्हणून तक्त्याच्या तळाला, आपल्याकडे शेतीच्या प्रबंधात लिहितात तसं, एसईएम ०.११ आणि पाच टक्क्यांना सीडी ०.३३ लिहा. नमुन्यांची तुलना त्या ओळीवरून होते, विचलनावरून नाही. फक्त ध्यानात ठेवा, सीडी ही एलएसडी कसोटीची आहे. अक्षरं टुकीने लावली असतील तर टुकीचं ०.४० वेगळं लिहायचं.

आता त्या दहाव्या परीक्षकाकडे येऊ. त्याने तिन्हींना ६ दिले होते. समजा त्याने ५, ६, ७ दिले असते. म्हणजे ज्वारी जितकी जास्त, तितकं बिस्किट त्याला जास्त आवडलं. त्याची स्वतःची सरासरी ६ च राहते. बाकी नऊ जणांचा एकही गुण बदललेला नाही. नमुन्यांच्या सरासऱ्या होतात ७.१, ६.९, ६.७. वरवर पाहता फारसं काही हललं नाही. पण त्रुटीचा वर्ग-मध्य ०.१२ वरून ०.२९ झाला, एफ ७.३६ वरून १.३८ वर कोसळला, आणि टुकीला आता ०.६१ चा फरक लागतो, तर सर्वांत मोठा फरक आहे ०.४. सगळी अक्षरं गेली. एका माणसाने!

कारण असं. आखडत्या हाताचा माणूस आराखड्याला त्रास देत नाही, त्याचा फरक परीक्षकांच्या खात्यात जमा होतो. उलट्या क्रमाने गुण देणारा माणूस त्रास देतो, कारण त्याचा फरक त्रुटीच्या खात्यात जातो. प्रत्येकाने एकदाच चाखलेलं असेल, तर परीक्षक आणि नमुना यांची परस्परक्रिया त्रुटीपासून वेगळी काढताच येत नाही.

मग अशा वेळी मोह होतो, की हा परीक्षक काढून टाकू. काढू नका. आधी त्याची पत्रिका बघा. रंग, खुसखुशीतपणा, वास, सगळ्याच रकान्यांत तो उलटा गेला असेल, तर त्याने श्रेणी उलटी वाचली असावी, १ ला उत्तम समजला असावा. किंवा त्याच्या ताटलीतले संकेत क्रमांक अदलाबदल झाले असावेत. वाढपाची नोंदवही इथे कामी येते. पण रंगात तो इतरांसारखा आणि फक्त चवीत उलटा असेल, तर दुसऱ्या दिवशी नवे संकेत क्रमांक देऊन पुन्हा चाखायला द्या. पुन्हा ५, ६, ७ च्या आसपास आले, तर ती चूक नाही, ती त्याची आवड आहे. आणि मराठवाड्यात तिचं नवल ते काय? दोन्ही वेळ ज्वारीची भाकरी खाणाऱ्याला ६० टक्क्यांचं बिस्किट ओळखीचं लागणार. त्याला तक्त्यातून हाकलणं म्हणजे ज्याच्यासाठी पदार्थ केला, त्यालाच बाहेर बसवणं.

अशा निकालात अक्षरं लावायची नाहीत, एनएस, म्हणजे फरक सिद्ध झाला नाही, असं लिहायचं. आणि मजकुरात सरळ सांगायचं: सहा परीक्षकांनी ज्वारी वाढताना गुण कमी केले, तिघांनी सारखे ठेवले, एकाने वाढवले आणि दुसऱ्या दिवशीही वाढवले. दहा जणांवरून भाकरी खाणाऱ्यांचा वेगळा गट आहे असं म्हणता येत नाही. ते सिद्ध करायला शंभराच्या आसपास ग्राहक लागतात.

विभागातल्या प्राध्यापकांना ‘अर्धप्रशिक्षित पॅनेल’ म्हणून बसवून त्यांना आवड विचारण्याची रीत आहे, तीही सोडली पाहिजे. प्रशिक्षित माणसाला किती कडक, किती कडू हे विचारा, आणि दोनतीनदा चाखायला द्या, म्हणजे परस्परक्रिया तपासता येते. आवड विचारायची ती खाणाऱ्याला. तसंच ‘एकंदर पसंती’ हा रकाना बाकी रकान्यांची सरासरी काढून भरू नका. तो प्रश्न परीक्षकाला स्वतंत्र विचारा. बिस्किट रंगाने, वासाने छान आणि दातांना चिकटणारं असेल, तर सरासरी ७ येईल आणि माणूस ४ देईल.

अक्षरांबद्दल थोडं राहिलं. सर्वांत मोठ्या सरासरीला ए द्यायचा की सर्वांत लहान सरासरीला, ते तळटीपेत लिहा, दोन्ही पद्धती चालतात. एका रकान्यातलं ए दुसऱ्या रकान्यातल्या ए शी ताडून पाहायचं नसतं. आणि सारखं अक्षर म्हणजे नमुने सारखे, असं लिहू नका. ४० टक्क्यांचं बिस्किट दोन्ही बाजूंशी अक्षर वाटून घेतं, म्हणून ते दोघांसारखं ठरत नाही. एवढ्या परीक्षकांत फरक दाखवता आला नाही, इतकाच त्याचा अर्थ. दशांश स्थळं दोनच्या पुढे नेऊ नका. दहा माणसांच्या पूर्णांकी गुणांतून ७.२०००  लिहिण्याला काही आधार नाही.

आता तळटीप लिहून घ्या, सावकाश सांगतो. ‘दहा परीक्षकांची सरासरी आणि प्रमाण विचलन. नऊ गुणांची हेडोनिक श्रेणी. परीक्षक हा गट धरून आरबीडी विश्लेषण. त्रुटीची स्वातंत्र्य मात्रा १८, वर्ग-मध्य ०.१२. एकाच रकान्यात एकही अक्षर सामाईक नसलेल्या सरासऱ्या टुकी कसोटीने पाच टक्के पातळीवर भिन्न. ए म्हणजे सर्वाधिक सरासरी.’ दहाही परीक्षकांचे मूळ तीस आकडे प्रबंधाच्या परिशिष्टात जोडा, म्हणजे कुणालाही हे गणित पुन्हा करून पाहता येईल. नमस्कार.