तीन वर्षांच्या मुलीने ठेवलेलं नाव

(एका ग्रंथालयाच्या बालसाहित्य व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'बालकथेतील काल्पनिक सवंगड्याचे नामकरण'. इतका भारदस्त मथळा मी दिला नव्हता, पण ठीक आहे. मला एवढंच बोलायचंय: गोष्टीतल्या लहान मुलीला एक न दिसणारा मित्र असतो, आणि त्याचं नाव वाचल्याबरोबर कळतं की हे नाव मुलीने ठेवलेलं नाही, लेखिकेने ठेवलंय. हे कशावरून कळतं, आणि मुलीने ठेवल्यासारखं नाव घडवायचं कसं, हे सांगायला मी आले आहे.

आपल्याकडे अशा मित्राची नावं कशी असतात ते आठवा. गोलू, भोलू, टिंबू, छुटकू, गुबगुबू. ऐकायला गोड आहेत. पण ही लाडाची नावं आहेत, आणि लाड मोठी माणसं करतात. तीन वर्षांचं मूल स्वतःच्या मित्राला लाडाने 'छुटकू' म्हणत नाही. त्याच्या लेखी तो मित्र त्याच्याएवढाच असतो, कधी त्याच्याहून थोरलाही असतो.

इथे थोडं मागे जाते. मुलांशी बोलताना आपण जी भाषा वापरतो, चिऊ, काऊ, माऊ, हम्मा, भूभू, मम्मं, जोजो, ती मुलांनी शोधलेली आहे असा आपला समज असतो. भाषावैज्ञानिक अशोक केळकरांनी 1964 साली मराठीतल्या या बाळबोलीवर एक स्वतंत्र लेख लिहिला. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन या अमेरिकन भाषावैज्ञानिकाने सहा भाषांमधली बाळबोली शेजारी शेजारी ठेवून पाहिली, आणि त्या सहांत अरबी, इंग्रजी, स्पॅनिश यांच्याबरोबर आपली मराठीही होती. त्यातला माझ्या कामाचा मुद्दा असा की ही बोली मोठ्यांकडून मुलांकडे जाते. 'चिऊ' हा शब्द आजीला तिच्या आजीने दिलेला असतो. म्हणजे आपण 'भूभू'च्या चालीवर मित्राचं नाव 'बूबू' ठेवतो तेव्हा आपण आजीची नक्कल करत असतो, मुलाची नाही.

बरं, अक्षर दुप्पट करण्याची सवय मुलांना असतेच की, असं कुणी म्हणेल. असते, पण कधी? रोमान याकोबसन या भाषावैज्ञानिकाने 1941 मध्येच मांडलं होतं की सुरुवातीला ओठांचे आवाज येतात, म, प, ब, आणि त्यांच्याबरोबर उघडा आ. म्हणून मामा, पापा, बाबा. हे पहिल्या-दुसऱ्या वर्षातलं. मनातला मित्र एवढ्या लवकर येत नाही. त्याच्याशी बोलायचं, त्याच्यासाठी जागा राखायची, दूध सांडलं की त्याच्यावर ढकलायचं, यासाठी वाक्यं यावी लागतात. साधारण तीनच्या आसपास, थोडं अलीकडे-पलीकडे, तो अवतरतो. तोवर मूल क, ग, त, द, च, ज सगळं बोलत असतं. आपल्या कथांमध्ये मित्र तीन वर्षांच्या मुलीचा असतो आणि त्याचं नाव मात्र दीड वर्षाच्या बाळाचं. ही तफावत कानाला लगेच खटकते.

आणि आता माझी तक्रार. ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

मी एक चित्रकथा लिहिली होती. त्यातली मुलगी तीनला दोन महिने कमी. घरात आजी. दाराची बेल वाजली की आजी आतूनच ओरडते, 'कोण आहे?' आता आपण घाईत हे कसं म्हणतो? 'कोणाय?' मुलीने हे शेकडो वेळा ऐकलंय. बेल वाजते, आजी 'कोणाय' म्हणते, दार उघडतं. कधी दूधवाला असतो, कधी शेजारच्या काकू, कधी कुणीच नसतं, लिफ्टमधून पोरं पळालेली असतात. मुलीने यातून अर्थ काढला. दाराबाहेर कुणीतरी एक जण येतो, आजी त्याला ओळखते, त्याला हाक मारते. त्याचं नाव 'कोनाय'. आणि ज्या दिवशी दारात कुणीच दिसत नाही, त्या दिवशी तोच आत आलेला असतो.

हे नाव मला फार आवडलं होतं, कारण नावातच मित्र आला होता. तो कुठून येतो, दिसत का नाही, आजीला तो माहीत आहे असं मुलीला का वाटतं, सगळं त्या तीन अक्षरांत. मुलं वाक्य ऐकतात ते सलग. कुठे तोडायचं हे त्यांचं त्यांना ठरवावं लागतं, आणि कधी ती भलतीकडेच तोडतात किंवा तोडतच नाहीत. अख्खा प्रश्न एक शब्द होऊन बसतो.

प्रुफं आली. प्रकाशकाचं नाव घेत नाही, ते इथे महत्त्वाचं नाही. पानापानावर माझ्या 'न'चा 'ण' केलेला. 'कोणाय'. समासात टीप: अशुद्ध. मी फोन केला. समोरचे गृहस्थ अतिशय सज्जन, त्यांनी मला समजावलं, ताई, 'पानी', 'कोन' असं छापलं की पालक तक्रार करतात, मुलांची भाषा बिघडते म्हणतात. मी म्हटलं, दादा, राज्याच्या मोठ्या भागात मोठी माणसंही 'पानी'च म्हणतात आणि त्यांची भाषा बिघडलेली नाही, पण तो वाद आपण सध्या बाजूला ठेवू. इथला 'न' तीन वर्षांच्या जिभेचा आहे. ण आणि ळ जिभेवर उशिरा बसतात. ळचा ल किंवा य होतो, रचा ल होतो, जोडाक्षर आलं की त्यातलं एक गळतं. ही मुलगी त्याच पानावर 'बाला' म्हणते 'बाळा'ला, ते तुम्ही ठेवलंय, मग 'कोनाय'ने काय केलंय?

ते म्हणाले, 'बाळा' हा शब्द वाचकाला माहीत आहे म्हणून 'बाला' चालतं. 'कोनाय' हा शब्दच नाही.

मंडळी, हे उत्तर मी अजून विसरलेले नाही, कारण त्यात सगळी अडचण आहे. 'कोणाय' असं ण घालून छापलं की वाचक तो प्रश्न म्हणून वाचतो. नाव उरतच नाही. 'न'मुळेच तो प्रश्नापासून सुटतो आणि माणूस होतो, आणि वाचून दाखवणाऱ्या आईला दुसऱ्या-तिसऱ्या पानावर, बेल वाजल्यावर, उलगडा होतो. तो उलगडा आईचा आहे. मुलाला तो लागत नाही, त्याच्यासाठी कोनाय पहिल्यापासून कोनायच. मी खूप भांडले. शेवटी तडजोड म्हणून त्यांनी सुचवलेलं नाव होतं 'गोलू'. मी पुस्तक परत घेतलं.

(हशा.) नाही, हसू नका, मला खरंच वाईट वाटलं होतं.

बरं, चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं राहिलीत. मुख्य भाग अजून व्हायचाय, तर भराभर सांगते.

पहिली गोष्ट, नाव विचित्र असायलाच हवं असं नाही. अमेरिकेत ऑरेगनमध्ये मार्जोरी टेलर या मानसशास्त्रज्ञांनी मनातला मित्र असलेल्या मुलांवर बरीच वर्षं काम केलं. त्यांच्या 2004 सालच्या अभ्यासात सातव्या वर्षापर्यंत सुमारे 65 टक्के मुलांना कधी ना कधी असा सवंगडी होता. त्यात स्वभाव दिलेली खेळणीही मोजलेली आहेत. त्यांनी नोंदवलेला एक मित्र आहे डेरेक: 91 वर्षांचा, दोन फूट उंचीचा म्हातारा, जो अस्वलांना मारू शकतो. नाव बघा, डेरेक! इंग्रजीत अगदी साधं. वेगळेपण माणसात आहे. तेव्हा तुमच्या गोष्टीत मित्राचं नाव 'कुलकर्णी काका' असलं आणि तो कपाटात राहत असला, तर ते 'गुबगुबू'पेक्षा खरं वाटेल. फक्त मूल ते 'कुलकन्नी' म्हणेल.

दुसरी, नाव घडवायचंच असेल तर आधी घरातला आवाज शोधा आणि मग तो मुलाच्या तोंडातून काढा. उदाहरण करून दाखवते. मुलगा साडेतीन वर्षांचा, घर मिरज जंक्शनजवळ. दिवसभर कर्ण्यातून बाई बोलतात, आणि त्यात मुलाला एक शब्द पुन्हा पुन्हा ऐकू येतो: 'कृपया'. त्याला बाकीचं कळत नाही, पण कुणालातरी हाक मारल्याचा सूर कळतो. बाई इतकी विनवणी करतात, तरी हा कृपया काही येत नाही. का येत नाही? कारण तो आपल्याकडे खेळायला आलाय. आता जोडाक्षर सोपं करा: कर्ण्यावरच्या हिंदी उच्चारातल्या 'क्रि'चा कि. 'किपया'. इथेच थांबा. लेखकाचा हात पुढे जातो आणि त्याचं 'किप्पू' करतो. तो ऊ आपला आहे, मुलाचा नाही.

एका नावात एक-दोनच बदल करा. सगळे नियम एकदम लावले तर 'तिपा' होईल आणि कर्णा हरवेल. साडेतीनच्या मुलाला क येतोच, तेव्हा क ठेवा. मूल अडीचचं असेल तर 'तिपया' चालेल. आणि बाकीच्या संवादांत तेच मूल 'रेल्वे' स्वच्छ बोलत असेल तर नाव खोटं पडतं. त्याच्या तोंडी एका आवाजाचं जे होतं ते प्रत्येक पानावर तसंच व्हायला हवं.

तिसरी, विभक्ती. मराठीत नाव वाक्यात गेलं की प्रत्यय लागतो. किपयाला, किपयाने, किपयाचा. 'किपया' दिसायला सामान्यरूपासारखं आहे, त्यामुळे संपादक मूळ नाव 'किपा' समजून एखाद्या ठिकाणी 'किपा आला' करतील. हस्तलिखिताबरोबर सगळी रूपं लिहून पाठवा. आणि आकारान्त नाव असेल, समजा 'डुब्बा', तर 'डुब्ब्याला' होऊ देऊ नका. आपण बाबाला, दादाला म्हणतो, तसं 'डुब्बाला'. 'डुब्ब्या' म्हटलं की त्यात चिडवणं येतं.

शेवटची, पुढचे भाग लिहिणाऱ्यांसाठी. मुलगी पाच वर्षांची झाली, आता 'पाणी', 'बाळ' नीट म्हणते. मग मित्राला 'कोणाय' म्हणेल का? नाही. तोपर्यंत ते नाव ठरलेलं असतं. ती 'कोण आहे?' असं स्वच्छ विचारेल आणि त्याच दमात 'कोनाय आलाय' म्हणेल, आणि दोन्हींचा संबंध तिला दिसणारही नाही. भाऊ चिडवायला लागला, 'अगं, ते कोण आहे असं असतं', तर ती त्याच्यावर रागावेल. तो राग लिहा, त्यातून एक अख्खी गोष्ट होते. मी ती लिहिते आहे, आणि यावेळी 'न'साठी वेगळं पत्र जोडणार आहे.

वेळ संपली. तिसऱ्या रांगेतल्या ताई मघापासून हात वर करून बसल्यात, त्यांचा प्रश्न घेऊ.