फोटोतली मान, ब्लाउजचा गळा

ब्लाउजसाठी फोटो आला की गळ्याचा विचार मी नंतर करते, आधी तो फोटो कुठून काढलाय ते बघते. हसू नका. अर्धे फोटो हात उंच करून, मान तिरकी करून काढलेले सेल्फी असतात. मोबाइल जवळ आणि वर धरला की चेहरा मोठा दिसतो, खांदे अरुंद दिसतात आणि मान हनुवटीखाली गडप होते. वर ताकीद, "ताई, यावरून सांगा, परवा हळदीकुंकू आहे!"

पार्ल्याच्या एका मुलीला पैठणीवर बोटनेक हवा होता. सेल्फीत खांदे असे नाजूक की कुणीही हो म्हटलं असतं. मी म्हटलं, बाळा, केस वर बांध, बिनबाह्यांचा टॉप घाल, सरळ उभी राहा आणि आईला सहा-सात फुटांवरून, मोबाइल छातीच्या उंचीवर धरून फोटो काढू दे. (आईने पहिल्या फोटोत पंखाच काढला, ते सोडा.) नव्या फोटोत खांदे रुंद आणि सरळ, मान आखूड. बोटनेक म्हणजे या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत आडवी रेघ. ती रुंद खांदे आणखी रुंद दाखवते आणि मानेलगत बसून मान गिळून टाकते. तिला मोकळी उभी जागा हवी होती, म्हणून व्ही गळा, पुढून साडेसहा इंच.

पण पदर विसरू नका! आपला पदर डाव्या खांद्यावर. व्हीची ती बाजू झाकली जाते आणि उजवीकडची तिरकी रेघ तेवढी उरते. म्हणून मी तिला ओढणी डाव्या खांद्यावर टाकून आणखी एक फोटो काढायला लावला. गळा खरा त्या फोटोवर ठरतो. कॅटलॉगमधली बाई पदर एवढासा चुणून उभी असते, आपण लोकलमध्ये चढणार असतो.

घड्याळ दाखवताय, कळलं. मग भराभर. मान लांब असेल तर बोटनेक किंवा बंद कॉलर खुशाल घ्या. खांदे उतरते असतील तर फार रुंद गळा नको, तो घसरतो. खांद्यावरची पट्टी रुंद ठेवा, मागे दोरी लावा, आणि शिंप्याला खांद्याचा उतार जास्त कापायला सांगा, नाहीतर खांद्याच्या टोकाशी चुणी पडते.

बाही जिथे संपते तिथे दंडावर आडवी रेघ पडते, आणि नजर तिथेच थांबते. दंडाच्या सगळ्यात जाड भागावर ती संपवू नका. पाच इंचांवर, आठ इंचांवर आणि कोपराच्या जरा वर अशी रिबन बांधून तीन फोटो काढा. त्या पार्ल्याच्या मुलीला पाच इंचांवरची रिबन बरोबर जाड भागावर आली, म्हणून बाही कोपराच्या जरा वर, दहा इंचांची ठेवली. फुगा बाही मागत होती. त्या खांद्यांवर नाही म्हटलं.