फर्म सोडली, पण नाव कागदावर राहिलं

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय भागीदारीतून बाहेर पडण्याबद्दल. म्हणजे आत येताना आपण पेढे वाटतो, शटरवर नारळ फोडतो, पेपरात फोटोसकट जाहिरात देतो, आणि बाहेर पडताना मात्र वकिलाकडे बसून एक कागद होतो, दोघं सह्या करतात, चहा पितात, संपलं. घरी येऊन सांगतात, मी मोकळा झालो. आता प्रश्न असा की मोकळे झालात कुणापासून? पार्टनरपासून झालात. बाजारापासून झालात का?

त्यावर मला एक खटला सांगायचाय, इंग्लंडमधला, १९४९ सालचा. भागीदारी कायदा शिकलेल्या प्रत्येकाला माहीत असतो, आणि मी कुठेही बोलायला गेलो की सांगतोच, कारण यात सगळं आहे. एसेक्स परगण्यात सिल्व्हर एंड नावाचं गाव. तिथे ख्रिसमस आणि इनग्राम या दोघांनी १९४६ मध्ये घरगुती फर्निचरचं दुकान काढलं, नाव ठेवलं 'मेरीज'. साधारण सव्वा वर्ष चाललं आणि एप्रिल १९४७ मध्ये दोघांनी राजीखुशीने भागीदारी संपवली. इनग्राम बाहेर पडला, ख्रिसमस एकटाच त्याच नावाने दुकान चालवत राहिला.

आता इनग्रामने काय केलं बघा. बँकेला कळवलं की मी बाहेर पडलो. ज्यांच्याशी फर्मचा व्यवहार होता त्यांना कळवायचं ख्रिसमसबरोबर ठरवलं. दुकानाचे नवे लेटरहेडही छापून झाले, त्यावर इनग्रामचं नाव नव्हतं. म्हणजे माणूस बेफिकीर नव्हता. पण एक गोष्ट राहिली, लंडन गॅझेट या सरकारी राजपत्रात जाहिरात दिली नाही. आणि दुसरी राहिली, जुन्या लेटरहेडची शिल्लक तशीच दुकानात पडून राहिली, ती कुणी फाडली नाही.

मग जानेवारी १९४८. टॉवर कॅबिनेट नावाची कंपनी, तिचा मेरीजशी आधी कधीच व्यवहार नव्हता. ख्रिसमसने तिच्याकडे फर्निचरच्या सेटची ऑर्डर दिली, आणि ऑर्डर पक्की करणारं पत्र लिहिलं ते जुन्या लेटरहेडवर! वर ख्रिसमसच्या जोडीला इनग्रामचंही नाव छापलेलं. माल गेला, पैसे आले नाहीत. कंपनीने मेरीजवर दावा केला, हुकूमनामा मिळवला, आणि वसुलीसाठी थेट इनग्रामच्या मागे लागली, की कागदावर तुझं नाव आहे ना, तू भर.

तुम्हीच सांगा, भरावं लागलं का? ऐकणारे बहुतेक जण म्हणतात, हो, नाव होतं म्हणजे भरायलाच हवं. कोर्टाने सांगितलं, नाही. दोन कारणं दिली आणि दोन्ही लक्षात ठेवा. पहिलं कारण, जुना कागद वापरायला इनग्रामने परवानगी दिली नव्हती आणि तो वापरला जातोय हे त्याला माहीतच नव्हतं. जाणूनबुजून आपलं नाव पुढे करू दिलं तरच माणूस पार्टनरसारखा अडकतो. जुने कागद फाडायला हवे होते, हा फार तर निष्काळजीपणा, पण निष्काळजीपणा म्हणजे जाणूनबुजून नाही. दुसरं कारण, इनग्राम पार्टनर असताना या कंपनीला तो पार्टनर आहे हे ठाऊकच नव्हतं. ज्याने तुम्हाला पार्टनर म्हणून कधी ओळखलंच नाही, त्याच्यासाठी तुम्ही निवृत्त झालात काय आणि नाही काय. म्हणून गॅझेटात जाहिरात नव्हती तरी इनग्राम सुटला.

आता आपल्याकडे या. आपला भागीदारी कायदा १९३२ चा, आणि ही दोन्ही कारणं त्यात बसलेली आहेत. कलम २८ सांगतं की जो बोलून, लिहून किंवा वागण्यातून स्वतःला पार्टनर म्हणवतो, किंवा दुसऱ्याला जाणूनबुजून तसं म्हणू देतो, तो त्यावर विश्वासून उधार देणाऱ्याला पार्टनरसारखाच बांधील. आणि कलम ३२ निवृत्तीचं, ते सांगतं की जाहीर नोटीस निघेपर्यंत बाहेर पडलेला पार्टनरही बांधील राहतो, पण तो पार्टनर होता हे ज्याला माहीतच नव्हतं त्याला नाही.

समजा लातूरला खत आणि बियाण्याचं दुकान आहे, तिघे भाऊबंद पार्टनर, त्यातले नाना ३१ मार्चला निवृत्त झाले. त्या दिवशी खत कंपनीचे ८ लाख देणं होतं. निवृत्तीच्या करारात लिहिलं, सगळी देणी उरलेले दोघे भरतील. जूनमध्ये पेरणीच्या आधी त्या दोघांनी त्याच कंपनीकडून आणखी ५ लाखांचा माल उधार उचलला, पाऊस लांबला, दुकान बुडालं.

८ लाखांचं काय? नाना पार्टनर असतानाचं देणं आहे, नाना बांधील. करारात लिहिलंय खरं, पण त्या करारावर कंपनीची सही आहे का? नाही. मग तो करार कंपनीला लागू नाही. नानांनी आधी भरायचे आणि मग दोघांकडून वसूल करायचे. सुटायचं असेल तर नाना, नवी फर्म आणि कंपनी अशा तिघांचा करार लागतो. कंपनीला निवृत्ती कळल्यावर ती नव्या फर्मशी ज्या पद्धतीने व्यवहार करते त्यातूनही तो करार निघू शकतो, पण ते कोर्टात पटवून द्यावं लागतं. माझं स्पष्ट मत आहे, लेखी घ्या. घरातल्या माणसांत कागद कशाला, हे वाक्य मला अजिबात आवडत नाही, नाती टिकतात ती कागद नीट असला म्हणून टिकतात, वाटणीच्या जमिनीतसुद्धा हेच बघतो आपण.

आणि ५ लाखांचं? हे तर निवृत्तीनंतरचं. तरीसुद्धा नाना बांधील, कारण कंपनी त्यांना पार्टनर म्हणून ओळखत होती आणि निवृत्तीची जाहीर नोटीस दिली नव्हती. पुन्हा सांगतो, जाहीर नोटीस निघेपर्यंत जबाबदारी चालू राहते.

पण त्याच जूनमध्ये नांदेडच्या एका नव्या बियाणेवाल्याने या दुकानाला २ लाखांचा माल दिला असेल आणि त्याला नाना कोण हे कधीच माहीत नसेल, तर नाना सुटले. इनग्रामसारखेच. मात्र हा बियाणेवाला दुकानात आला, पुतण्याने ओळख करून दिली, हे आमचे नाना, आमचे पार्टनर, नाना गल्ल्यापाशी बसून गप्प राहिले आणि त्या भरवशावर त्याने उधारी दिली, तर कलम २८ लागलं. पुतण्या बोलला, पण ऐकून गप्प नाना राहिले ना.

आता ही जाहीर नोटीस म्हणजे काय? दुकानाच्या दारावर कागद चिकटवणं नाही. राजपत्रात छापायची, आणि दुकान ज्या जिल्ह्यात आहे तिथे खपणाऱ्या निदान एका स्थानिक भाषेतल्या पेपरात छापायची. फर्म रजिस्टर्ड असेल तर याशिवाय रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडेही कळवायचं. नुसतं इंग्रजी पेपरात देऊन भागत नाही, आणि मला तर हे कायद्याचं कलम फार शहाणपणाचं वाटतं, कारण आपला आडत्या, आपला वाहतूकदार मराठी पेपर वाचतो. जाहीर नोटिसांचं ते बारीक अक्षरातलं पान व्यापाऱ्याने रोज वाचावं असं मी नेहमी सांगतो.

आणि ही नोटीस निवृत्त होणाराही देऊ शकतो, उरलेले पार्टनरही देऊ शकतात. उरलेल्यांना घाई नसते, त्यांना तुमच्या नावावर उधारी मिळत असते. तेव्हा स्वतः द्या, जुन्या पुरवठादारांना आणि बँकेला रजिस्टर्ड पत्रं स्वतः पाठवा, पोचपावत्या आणि पेपरचं कात्रण जपून ठेवा, आणि निघताना बिलबुकं, लेटरहेड, दुकानाच्या पाटीवरचं नाव, सगळं बदललंय ना ते स्वतः जाऊन बघून या.