पंचवीस हजार अँपिअर झेलणारा ब्रेकर आणि अर्धा अँपिअर

मंडळी, सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यातली गोष्ट सांगतो. कारखान्याचं नाव घेत नाही, कारण ब्रेकर बदलायचा सल्ला माझाच होता.

११ केव्हीचा जुना तेलाचा ब्रेकर काढून आम्ही व्हीसीबी, म्हणजे व्हॅक्यूमचा ब्रेकर बसवला. आठ मीटर केबलच्या पलीकडे १००० केव्हीएचा ड्राय टाइप ट्रान्सफॉर्मर. सुट्टीच्या आदल्या रात्री माग थांबले की वायरमन आधी एलटी, म्हणजे कमी व्होल्टेजची बाजू उघडायचा, मग एचटीचा, म्हणजे ११ केव्हीच्या बाजूचा व्हीसीबी. पद्धत अगदी बरोबर. काही महिन्यांनी एका सकाळी चार्ज करताच ट्रिप. इन्सुलेशन तपासणारा मेगर चांगला दाखवत होता. वेढ्यांचं प्रमाण तपासणाऱ्या रेशो टेस्टमध्ये मात्र एका फेजचा आकडा बिघडलेला निघाला. कॉइल उघडून पाहिली तर लाइनच्या टोकाचे पहिले काही वेढेच काळे पडलेले.

वायरमन म्हणाला, "साहेब, ब्रेकर तर पंचवीस केएचा आहे की!"

त्याच्या त्या वाक्यात सगळा घोळ आहे. पाटीवरचे २५ केए म्हणजे शॉर्टसर्किट झाल्यावर ब्रेकर तोडू शकेल असा जास्तीत जास्त करंट. १२ केव्हीला तो सुमारे ५२० एमव्हीए होतो. आता तिथे फॉल्ट किती येणार? वीज येते त्या बाजूला ३३/११ केव्हीचा ५ एमव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, इम्पिडन्स ७.१५ टक्के. पाच भागिले ०.०७१५ म्हणजे ७० एमव्हीए, जेमतेम ३.७ केए. मोठ्या करंटसाठी ब्रेकर हवा त्यापेक्षा कितीतरी दणकट होता. ट्रान्सफॉर्मर गेला तो अर्ध्या अँपिअरपायी.

संपर्क सुटले की मधे आर्क पेटतो. एसी करंट दर अर्ध्या सायकलला शून्यावर येतो, तेव्हा आर्क विझतो. ब्रेकरचं काम एवढंच, की पुन्हा व्होल्टेज चढायच्या आत मधली फट इन्सुलेशन म्हणून तयार करायची. तेलाच्या ब्रेकरमध्ये आर्क तेल जाळून स्वतःचाच गॅस करतो आणि त्या गॅसनेच विझतो. करंट बारीक तर गॅसही बारीक, म्हणजे विझवायचा जोरही कमी. म्हणून तो सहसा शून्याची वाट पाहतो.

व्हॅक्यूममध्ये जाळायला काहीच नाही. आर्क जगतो तो संपर्कांच्या धातूच्या वाफेवर. करंट तीन ते पाच अँपिअरच्या खाली आला की तांबे-क्रोमियमच्या संपर्कातून पुरेशी वाफच निघत नाही आणि आर्क शून्याआधीच तुटतो. यालाच करंट चॉपिंग म्हणतात.

आपल्या ट्रान्सफॉर्मरचा पूर्ण भाराचा करंट ५२ अँपिअर. रिकामा असताना एक टक्का धरा, म्हणजे अर्धा अँपिअर, शिखराला ०.७४. तो सगळाच चॉपिंगच्या हद्दीत, कुठेही तुटू शकतो. शिखरावर तुटला तर कोअरमध्ये साठलेली चुंबकीय ऊर्जा जाईल कुठे? वाइंडिंग आणि केबलच्या कपॅसिटन्समध्ये. तिथे व्होल्टेज चढतं i√(L/C) इतकं. i म्हणजे तुटताना असलेला करंट. L, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा इंडक्टन्स, सुमारे ३८ हेन्री. C, म्हणजे कपॅसिटन्स, मात्र आठ मीटर केबल धरूनही जेमतेम ३ नॅनोफॅरड. हिशेब ८४ केव्हीवर जातो. निम्मी ऊर्जा कोअरमध्येच जिरली असं धरलं तरी ६० केव्ही. या वर्गाच्या ड्राय टाइपची इम्पल्स क्षमता, म्हणजे क्षणिक लाट झेलायची ताकद, ६० किंवा ७५ केव्ही असते. शिवाय एवढ्या व्होल्टेजला उघडत असलेली फट पुन्हा पेटते, विझते, पुन्हा पेटते. प्रत्येक वेळी उभ्या कड्यासारखी लाट पहिल्या वेढ्यांवर आदळते. म्हणून तेच काळे.

गंमत म्हणजे केबल शंभर मीटर असती तर तिच्याच ३० नॅनोफॅरडमुळे हा आकडा २५ केव्हीवर आला असता. ब्रेकर ट्रान्सफॉर्मरला चिकटवून जागा वाचवल्याचं आम्हाला कौतुक होतं!

उपाय म्हणून ट्रान्सफॉर्मरच्या टर्मिनलवरच प्रत्येक फेजला सर्ज अरेस्टर आणि आरसी स्नबर, म्हणजे रेझिस्टर आणि कपॅसिटरची जोडी, बसवली. अरेस्टर लाटेचा माथा कापतो, पण तिचा चढ कमी करत नाही. ते काम स्नबरचं. त्यातल्या ०.२५ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमुळे तोच हिशेब ९ केव्हीच्या आसपास येतो, म्हणजे रोजच्या फेज व्होल्टेजच्या शिखराइतका. सोबतचा ५० ओहमचा रेझिस्टर केबलमधल्या लाटा शोषतो.

मोठ्या व्होल्टेजलाही ही डोकेदुखी आहेच. २०१३च्या ३१ डिसेंबरला ज्या रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाइनने दक्षिणेची ग्रिड उरलेल्या देशाला जोडली, तसल्या लांब लाइनींना व्होल्टेज आवरायला शंट रिअॅक्टर, म्हणजे मोठी कॉइल, लागतात. तो रिअॅक्टर एसएफ सिक्स वायूच्या ब्रेकरने उघडतानाही करंट शून्याआधी तुटतो. तिथे संपर्क कोणत्या क्षणी सुटायचे हे कंट्रोलर ठरवतो: शून्य येईपर्यंत फट पुरेशी रुंद झालेली असली, तर पुन्हा पेटणं टळतं.

मागच्या रांगेतून प्रश्न आलाय, मग तेलाचाच ब्रेकर ठेवला असता तर? चॉपिंगचा त्रास वाचला असता, खरं आहे. पण काही मोठे फॉल्ट तोडले की त्यातलं तेल काळं होतं, ते बदलायचं, संपर्क घासायचे. त्या कारखान्यात ते काम तीन वर्षं कुणी केलं नव्हतं.